एका सोमवारात महिन्याचे व्हिडिओ

तालुक्याच्या गावातल्या बाजारपेठेतसुद्धा आता बहुतेक दुकानांचं इन्स्टाग्रामवर पान असतं. त्यातली पानं एकामागून एक उघडून पाहिली, तर बऱ्याच ठिकाणी एकच चित्र दिसतं. पहिल्या आठवड्यात चार-पाच व्हिडिओ, दुसऱ्या आठवड्यात एखादा, मग दसऱ्याच्या शुभेच्छा, आणि पुढे सगळं सामसूम. मालकाला विचारलं तर तो म्हणतो, "वेळच मिळत नाही हो." त्याचं म्हणणं खरं असतं. पण हा वेळ चित्रीकरणात फारसा जात नाही. तो जातो "आज काय टाकायचं?" या विचारात. दर वेळी विषय नवा, उभं राहायची जागा नवी, सुरुवातीचं वाक्य नवं. एका मिनिटाच्या व्हिडिओसाठी पंधरा निर्णय घ्यावे लागतात आणि दुकानात गिऱ्हाईक उभं असताना ते होत नाहीत.

यावरचा उपाय म्हणजे सुटे व्हिडिओ सोडून मालिका करायची. वर्तमानपत्रातल्या साप्ताहिक सदराची जागा, लांबी आणि मथळा ठरलेला असतो. लेखकाला फक्त त्या आठवड्याचा मजकूर आणायचा असतो. व्हिडिओच्या मालिकेतही एका भागाचा साचा एकदाच ठरवायचा, महिन्याचे चार भाग कागदावर लिहून काढायचे आणि ते एकाच दिवशी चित्रित करायचे. ऐकायला हे सोपं आहे. पण साचा आणि चित्रीकरणाचा दिवस एकमेकांकडे बघून आखावे लागतात. साचा चुकला की दिवस पुरत नाही, आणि दिवसाची आखणी चुकली की चौथा भाग अर्धवट राहतो. हे कसं जमवायचं ते एका भांड्यांच्या दुकानाच्या उदाहरणावरून पाहू.

वहीतले प्रश्न

दुकान वडिलोपार्जित आहे. स्टील, पितळ, तांबं, बिडाचे तवे, कुकर आणि कुकरचे सुटे भाग असा सगळा माल. गल्ल्यावर साठीतले काका बसतात, मोबाइलवरचं सगळं त्यांची सून बघते. सोमवारी बाजार बंद, म्हणून दुकानही बंद. मालिका करायची ठरल्यावर सुनेने आधी विषयांची यादी करायला घेतली. "आमच्याकडचे नवे डिनर सेट", "दिवाळी ऑफर", "आमच्या दुकानाचा इतिहास" असे विषय निघाले. हे सगळे दुकानाला सांगायचे विषय आहेत. बघणाऱ्याला विचारायचे विषय वेगळे असतात आणि ते दुकानात रोज कानावर पडतात.

म्हणून गल्ल्याशेजारी एक वही ठेवली. गिऱ्हाइकाने भांड्याबद्दल काहीही विचारलं की ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, आपल्या भाषेत सुधारून लिहायचं नाही. "बिडाच्या तव्याची सीझनिंग प्रक्रिया" असं कोणी विचारत नाही. बाई विचारते, "नवा बिडाचा तवा घेतला, डोसा निघतच नाही, बदलून देता का?" तेच वाक्य व्हिडिओचं पहिलं वाक्य होणार असतं, म्हणून ते जसंच्या तसं हवं.

महिन्याभरात वही भरते. त्यातून चार प्रश्न निवडताना तीन कसोट्या लावायच्या. उत्तर हाताने करून दाखवता येईल का? ते एका मिनिटात संपेल का? आणि ते दुकानात, टेबलावर किंवा शेगडीवर, करता येईल का? या कसोट्यांतून चार प्रश्न उतरले. बिडाच्या तव्याला डोसा का चिकटतो? नव्या स्टीलच्या पातेल्याला निळे-जांभळे डाग का पडतात? कुकरची शिट्टी न होता बाजूने वाफ का जाते? आणि तांब्याच्या भांड्यात लिंबू सरबत ठेवलं तर चालतं का?

पाचवा प्रश्न कल्हईचा होता. पितळेच्या पातेल्यात आंबट आमटी करण्याआधी कल्हई का लावायची, हा सगळ्यांत देखणा विषय. भांडं तापवतात, त्यावर नवसागराची पूड टाकतात, पांढरा धूर निघतो, मग कथील लावून कापसाने फिरवलं की पिवळं पितळ चांदीसारखं होत जातं. पण कल्हईवाला त्याच्या सवडीने येतो, काम उघड्यावर करावं लागतं आणि एका मिनिटात ते मावत नाही. हा प्रश्न मालिकेत कोंबायचा नाही. तो वेगळा, मोठा व्हिडिओ म्हणून बाजूला ठेवायचा. साच्यात न बसणारा चांगला विषय दिसला की साचा ताणायचा मोह होतो, आणि तिथेच मालिकेची घडी विस्कटते.

एका मिनिटाचा साचा

भारतात टिकटॉकवर जून २०२० मध्ये बंदी आली. त्यानंतर जुलैमध्ये इन्स्टाग्रामने रील्स आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स इथे सुरू केलं. या दोन्ही ठिकाणी आता तीन मिनिटांपर्यंतचा उभा व्हिडिओ टाकता येतो. तरी या दुकानाने लांबी एक मिनिटच ठरवली. एक प्रश्न, एक कारण आणि एक कृती तेवढ्यात नीट बसते, आणि एका दिवसात असे चार भाग हातून निघतात. मालिकेचं नाव ठेवलं "भांड्याला भांडं", आणि प्रत्येक भाग सात शॉटचा ठरवला.

पहिला शॉट प्रश्नाचा. सून त्रासदायक भांडं कॅमेऱ्यासमोर धरते आणि वहीतलं वाक्य म्हणते. दुसऱ्यात काका ते भांडं हातात घेऊन एका वाक्यात कारण सांगतात. तिसरा, चौथा आणि पाचवा शॉट कृतीचे, अगदी जवळून घेतलेले. त्यांत फक्त हात आणि भांडं दिसतं. सहाव्यात काका झालेलं काम दाखवतात आणि काय करू नये ते सांगतात. सातव्यात ते बघणाऱ्याला विचारतात, "तुमच्या घरातलं कुठलं भांडं त्रास देतंय?" बस्स.

स्टीलच्या पातेल्याचा भाग कागदावर असा उतरला. सुनेचा प्रश्न: "नवं पातेलं पहिल्यांदाच गॅसवर ठेवलं आणि तळाला निळे-जांभळे डाग पडले. स्टील हलकं निघालं का?" काकांचं कारण: "स्टील हलकं नाही. पातेलं रिकामं तापलं, त्यामुळे स्टीलवरचा मुळातला पातळ थर जाड झाला, आणि त्याचेच हे रंग दिसतायत." कृती: चमचाभर व्हिनेगर ओतणं, मऊ कापड फिरवणं, पाण्याने विसळून पुसणं. मग सावधगिरी: "तारेची घासणी लावू नका. डाग जाईल, पण चरे कायमचे राहतील." आणि शेवटचा प्रश्न.

हे सगळं मिळून शंभर शब्दही होत नाहीत. मराठीत निवांत बोललं तर मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द होतात, आणि कृतीच्या वेळी थोडी शांतता लागते. म्हणून कागदावर शंभरच्या पुढे गेलेली संहिता कापायचीच. ती कापली नाही, तर काका घाईने बोलायला लागतात आणि गल्ल्यावरचा त्यांचा आवाज हरवतो.

साच्यात काय नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. "नमस्कार मंडळी, आमच्या चॅनलवर आपलं स्वागत आहे" हे नाही आणि फिरणारा लोगोही नाही. दुकानाचं आणि मालिकेचं नाव पहिल्या क्षणापासून पडद्याच्या वरच्या भागात लहान अक्षरांत राहतं. खालचा भाग आणि उजवी कड मोकळी ठेवायची, कारण तिथे मजकूर आणि बटणं येतात. तिथे लिहिलेलं वाचता येत नाही.

"पुढच्या आठवड्यात पाहू या" असं म्हणणंही नाही. ते एकदा तोंडून गेलं की भागांचा क्रम बांधला जातो. आज कुकरचा भाग टाकायचा होता, पण कोणीतरी तव्याबद्दल विचारून गेलं म्हणून तवा आधी टाकावासा वाटला, तर तो टाकता आला पाहिजे. त्याच कारणाने "आज", "कालच्या पावसात", "या सणाला" असे शब्द आणि मालाचे भाव व्हिडिओत बोलायचे नाहीत. भाव बदलतात. व्हिडिओखालचा मजकूर नंतर दुरुस्त करता येतो, बोललेलं वाक्य नाही.

कपड्यांचा प्रश्नही साचाच सोडवतो. चार भाग चार आठवड्यांत दिसणार, मग काकांनी चार शर्ट बदलायचे का? बदलले, तर चित्रीकरणाच्या मध्ये सतत कपडे बदलणं आलं, आणि कुठला शॉट कुठल्या शर्टात होता याचा हिशेब आला. त्याऐवजी दुकानाचा एक गडद निळा एप्रन ठरवला. तो प्रत्येक भागात, प्रत्येक महिन्यात तोच. त्यामुळे मार्चमध्ये राहिलेला एखादा शॉट एप्रिलमध्ये घेऊन जोडला तरी खटकत नाही.

शॉट भागांप्रमाणे घ्यायचे नाहीत

चार भाग म्हणजे अठ्ठावीस शॉट. पहिल्यांदा काम करणारे लोक साहजिकच पहिला भाग पूर्ण करतात, मग दुसरा सुरू करतात. यात दर भागाला मोबाइल एकदा माणसासमोर, एकदा टेबलावर, एकदा शेगडीजवळ न्यावा लागतो. प्रत्येक वेळी उजेड बघा, माइक लावा, पार्श्वभूमी आवरा. अर्धा दिवस त्यातच जातो.

म्हणून कागदावर एक तक्ता करायचा. आडव्या ओळीत चार भाग, उभ्या रकान्यांत सात शॉट. मग त्याच तक्त्यात जागेप्रमाणे रंग भरायचे. या उदाहरणात बोलण्याचे शॉट सोळा निघाले: प्रत्येक भागातले पहिला, दुसरा, सहावा आणि सातवा. टेबलावरच्या कृतीचे सहा: स्टीलचे तीन, तांब्याचे तीन. शेगडीवरचे सहा: तव्याचे तीन, कुकरचे तीन. मोबाइलच्या जागा तीनच. बोलण्याच्या शॉटला पाच-सहा मिनिटं, टेबलावरच्याला दहा आणि शेगडीवरच्याला पंधरा धरली, तर चार तासांचं काम होतं. जेवण आणि मांडामांड धरून सकाळी नऊला सुरू केलं तर चारच्या आत आटोपतं.

तक्ता भरताना एक अडचण लगेच दिसते. सहाव्या शॉटमध्ये काकांच्या हातात काम झालेलं भांडं हवं, पण सकाळी बोलण्याचे शॉट घेताना काम झालेलंच नसतं. स्टीलच्या बाबतीत उपाय फळीवरच आहे: त्याच मापाचं दुसरं कोरं पातेलं घ्यायचं. तव्याच्या बाबतीत आधी तयार करून ठेवलेला तवा घ्यायचा. तांब्याचं मात्र तसं नाही. प्रत्येक तांब्यावर काळपटपणा वेगळा असतो, दुसरा तांब्या घेतला तर बघणाऱ्याला कळतं. म्हणून तांब्याचा सहावा शॉट टेबलावरच्या कामानंतर घ्यायचा, असं तक्त्यातच लिहून ठेवायचं.

परत न घेता येणारे शॉट

माणूस बोलताना चुकला तर पुन्हा बोलतो. पण व्हिनेगर लागल्यावर गेलेला डाग परत येत नाही. करून दाखवण्याच्या मालिकेत असे परत न घेता येणारे शॉट दर महिन्याला असतात, आणि दिवस बिघडतो तो इथेच. ते आधी ओळखून त्यांची तजवीज करायची.

स्टीलच्या डागासाठी आदल्या दिवशी तीन जुनी पातेली रिकामी तापवून डाग पाडून ठेवले. एक पहिल्या प्रयत्नासाठी, दोन चुकांसाठी. शिवाय डागाचे सगळे "आधीचे" शॉट व्हिनेगरची बाटली उघडण्यापूर्वीच घ्यायचे.

तांब्यासाठी युक्ती वेगळी. लिंबाची फोड मिठात बुडवून काळपट तांब्यावर घासली की काही क्षणांत लखलखीत पट्टा उमटतो. तो क्षणच त्या भागाचा जीव आहे, आणि तांब्या संपूर्ण घासला की संपला. म्हणून आधी तांब्याची फक्त एकच बाजू घासायची. शॉट हलला किंवा धूसर आला तर दुसरी बाजू शिल्लक राहते. या भागात कृती आणि उत्तर एकमेकांना जोडलेले आहेत, म्हणून हा क्षण स्वच्छ दिसायला हवा. लिंबाच्या आंबटाने वरचा काळा थर निघाला. तेच आंबट सरबतात असेल आणि तासन् तास तांब्यात राहिलं, तर तांबं सरबतात उतरेल. काकांना लांबलचक समजवावं लागत नाही. ते चमकता पट्टा दाखवून म्हणतात, "बघा, लिंबाने आत्ता काय केलं ते. म्हणून तांब्यात पाणी ठेवा, सरबत नको, ताकही नको."

बिडाच्या तव्याचं गणित वेळेचं आहे. नवा तवा साबणाने धुऊन गंजू नये म्हणून लावलेलं तेल काढायचं, आचेवर कोरडा करायचा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवायचा, जास्तीचं तेल पुसून टाकायचं, धूर येईपर्यंत तापवायचा आणि निवू द्यायचा. हे तीन-चार वेळा केलं की तव्यावर काळा गुळगुळीत थर धरतो. निवण्याची वाट बघत बसलं तर सगळी दुपार एका तव्यात जाते. म्हणून तीन तवे लागतात: एक कोरा, एक दोनदा तेल बसलेला आणि एक पूर्ण तयार. तयार तवा आदल्या आठवड्यात करून ठेवायचा. मात्र यात एक पथ्य पाळायचं. काकांनी स्पष्ट सांगायला हवं की हे चार वेळा करावं लागतं. पडद्यावर कोरा तवा अर्ध्या मिनिटात तयार झालेला दिसला आणि घरी बाईने एकदाच तेल लावून डोसा टाकला, तर डोसा चिकटणारच, आणि चिडून ती दुकानातच येणार.

कुकरचा भाग वाफेवर अवलंबून आहे, आणि वाफ पांढऱ्या भिंतीसमोर दिसत नाही. मागे काळं किंवा गडद कापड आणि बाजूने किंवा मागून येणारा उजेड असेल तरच ती उमटून दिसते. कुकरला वाफ धरायला वेळ लागतो, म्हणून जेवायला बसण्याआधी पाणी घालून तो शेगडीवर मांडून ठेवायचा आणि जेवण होताच शेगडी पेटवायची. दाखवायची गोष्ट साधी आहे: जुनी रबरी रिंग वाकवली तर कडक लागते आणि तिच्यावर चिरा दिसतात, नवी मऊ असते आणि लगेच मूळ आकारात येते. सावधगिरी सर्वांत महत्त्वाची. सेफ्टी व्हॉल्व्ह गेला तर त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा आणायचा. तिथे दुसरं काहीही बसवायचं नाही. हे वाक्य कितीही लांबी झाली तरी कापायचं नाही.

सोमवारचा दिवस

आदल्या रात्रीची कामं थोडी पण नेमकी आहेत. मोबाइल चार्ज करायचा, लेन्स मऊ कापडाने पुसायची आणि जागा मोकळी करायची. फुल एचडीत, सेकंदाला तीस फ्रेमने, मिनिटाला साठ एमबीच्या पुढे जागा लागते. ती मोबाइलप्रमाणे बदलते. अठ्ठावीस शॉटचे प्रत्येकी तीन प्रयत्न धरले तर पंधरा-वीस जीबी मोकळी असलेली बरी. चित्रीकरणाच्या मध्येच "स्टोरेज फुल" आलं, तर नेमका चालू असलेला शॉट जातो.

सकाळी पहिलं काम आवाजाचं. भांड्यांच्या दुकानात आवाज घुमतो, कारण तिन्ही भिंतींवर स्टील असतं. मोबाइलच्या मागे आणि बाजूला जाड चादरी किंवा सतरंज्या टांगल्या की तो बराच कमी होतो. पंखा बंद. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, एप्रनच्या आत नाही, बाहेर. आत ठेवला तर कापड घासल्याचा खरखराट येतो. एक शॉट घेऊन इअरफोन लावून ऐकायचा, आणि दर तासाला पुन्हा ऐकायचा. चित्र अंधुक असेल तर ते लगेच दिसतं, आवाज गेलेला मात्र रात्री जोडायला बसल्यावर कळतो.

दुसरं काम उजेडाचं. ट्यूबलाइटच्या उजेडात व्हिडिओवर कधी कधी आडवे पट्टे सरकताना दिसतात. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे जुन्या चोकच्या नळ्या आणि काही एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, आणि कॅमेऱ्याची गती त्याच्याशी जुळली नाही की पट्टे येतात. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की ते जातात. ते जमत नसेल तर दिवे बंद करून शटरमधून येणाऱ्या दिवसाच्या उजेडात काम करायचं. स्टीलवर समोरचा उजेड आरशासारखा परततो आणि त्यात मोबाइल धरणारा माणूसच दिसतो. भांडं थोडं तिरकं धरलं की ते टळतं.

मग जागा पक्की करायची. टेबलाच्या पायांच्या आणि ट्रायपॉडच्या पायांच्या खुणा फरशीवर रंगीत चिकटपट्टीने करायच्या, मोबाइलची उंची मोजून वहीत लिहायची आणि मांडणीचा एक फोटो काढून ठेवायचा. पुढच्या महिन्यात हे सगळं दहा मिनिटांत पुन्हा उभं राहतं, आणि मार्चचा भाग व एप्रिलचा भाग शेजारी ठेवले तरी एकाच मालिकेचे वाटतात.

प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला सून एक कागद दाखवते: "३-२", म्हणजे तिसरा भाग, दुसरा शॉट. दुसऱ्या प्रयत्नाला "३-२ पुन्हा". हे क्षुल्लक वाटतं, पण रात्री शंभरभर फाइली उघडून बघाव्या लागत नाहीत. गॅलरीतल्या लहान चित्रावरच आकडा दिसतो. शॉट चांगला झाला की तक्त्यातल्या त्या चौकटीवर बरोबरची खूण. दुपारी तीन वाजता तक्त्यावर नजर टाकली की काय राहिलं ते एका क्षणात कळतं.

माणूस थकतो, हेही आखणीत धरायचं. काकांचे बोलण्याचे शॉट सकाळी संपवायचे, तेही अवघड भागापासून. कुकरचा भाग सर्वांत जपून बोलायचा, म्हणून तो पहिला. शेवटी घेतलेल्या भागात आवाज पडलेला असतो आणि वाक्यं पुस्तकी व्हायला लागतात. तसं झालं की सून कॅमेरा चालू ठेवूनच म्हणते, "बाबा, मी गिऱ्हाईक आहे असं समजा. मला पटत नाहीये, पटवून द्या." काका लगेच गल्ल्यावरच्या भाषेत येतात, "अहो ताई, पातेलं खराब नाही झालेलं, इकडे बघा."

दिवस संपल्यावर घरी जाण्याआधी सगळ्या फाइली दोन ठिकाणी उतरवायच्या, एक लॅपटॉपवर आणि एक पेन ड्राइव्हवर. तोवर मोबाइलमधून काहीही पुसायचं नाही.

पुढे जोडणीचं काम रोज एका भागाचं, कारण पट्टी, अक्षरं आणि नाव सगळ्या भागांत तेच असतं. पहिला भाग पूर्ण जोडायचा, त्याची प्रत काढायची आणि पुढच्या भागांत फक्त शॉट बदलायचे. मराठी अक्षरं पडद्यावर हवीतच, बस किंवा रेल्वेत लोक आवाज बंद ठेवून बघतात. गाण्याच्या बाबतीत सावध राहायचं. इन्स्टाग्रामवर व्यवसायाच्या खात्यांना बहुतेक लोकप्रिय गाणी वापरता येत नाहीत. या मालिकेला गाण्याची गरजही नाही. तव्यावर तेल चरचरतं, स्टीलवर पाणी पडतं, तेच आवाज पुरे. भाग तयार झाले की यूट्यूब स्टुडिओ आणि इन्स्टाग्राममध्ये ठरलेल्या तारखा लावून ठेवता येतात. चौघांपैकी एक भाग नेहमी हातचा ठेवायचा. महिन्यात कोणी आजारी पडलं किंवा गावाला गेलं, तरी मालिका अडत नाही.

सणांचा हिशेब मात्र उलटा मोजावा लागतो. धनत्रयोदशीला भांडी घ्यायला लोक निघतात, पण निर्णय त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत होतो. म्हणून पितळ आणि तांब्याचे भाग त्या आठवड्यांत पडले पाहिजेत, आणि त्यांचं चित्रीकरण त्याच्याही आधीच्या महिन्याच्या सोमवारी व्हायला हवं. संक्रांतीच्या वाणाची भांडीही तशीच, मार्गशीर्षात चित्रित करायची.

आलेख काय सांगतो

साच्याचा खरा फायदा महिना संपल्यावर दिसतो. यूट्यूब स्टुडिओमध्ये प्रत्येक व्हिडिओचा एक आलेख मिळतो: कितव्या सेकंदाला किती जण अजून बघत होते. सुट्या व्हिडिओंचे असे आलेख एकमेकांशी ताडता येत नाहीत, कारण त्यांत सगळंच वेगळं असतं. मालिकेत मात्र चारही भागांत सातवा सेकंद म्हणजे काकांचं कारण आणि पन्नासावा सेकंद म्हणजे सावधगिरी.

चारही आलेख शेजारी ठेवायचे. रेघ चारही भागांत एकाच ठिकाणी घसरत असेल तर दोष साच्याचा. उदाहरणार्थ, चारही ठिकाणी कारण सुरू होताच लोक निघून जात असतील, तर कारण लांब झालंय किंवा भांडं काकांच्या हातात जाताना मध्ये रिकामा वेळ जातोय. रेघ एकाच भागात मध्येच घसरत असेल तर दोष त्या भागाचा. शॉट कदाचित धूसर असेल किंवा कृती समजली नसेल. आणि एखाद्या भागाला पहिल्या दोन सेकंदांतच लोक सरकवून पुढे गेले असतील, तर तो प्रश्न फारसा कोणाला पडत नाही, किंवा तो ज्या शब्दांत विचारला ते शब्द गिऱ्हाइकाचे नाहीत. मग वही काढून मूळ वाक्य बघायचं.

दुरुस्ती करताना दर महिन्याला साच्यातली एकच गोष्ट बदलायची. एका महिन्यात कारणाचं वाक्य अर्धं केलं, तर बाकी सगळं तेच ठेवायचं. सुरुवात, लांबी आणि जागा एकदम बदलली तर पुढचा आलेख सुधारला तरी कशामुळे ते कळणार नाही. तीन महिन्यांत, म्हणजे बारा भागांत, साच्याच्या दोन दुरुस्त्या करून बघता येतात. एवढ्यानंतरही लोक कारणापर्यंत थांबत नसतील, तर साचा दुरुस्त करत बसण्यापेक्षा मालिकेचा विषयच बदलावा.

आकड्यांच्या बाहेरचीही एक खूण आहे, आणि दुकानासाठी तीच सर्वांत खरी. शेवटच्या शॉटमधल्या प्रश्नाला लोक उत्तर देऊ लागतात: कोणी गंजलेल्या कढईचा फोटो पाठवतं, कोणी आजीचं काळं पडलेलं घंगाळं दाखवतं, कोणी दुकानात येऊन म्हणतं, "त्या व्हिडिओतल्यासारखी कुकरची रिंग द्या." हे सगळं गल्ल्याशेजारच्या वहीत जातं आणि पुढच्या महिन्याचे प्रश्न तिथूनच निवडले जातात. वही अशी आपोआप भरायला लागली की मालिका पुढे चालवायला हरकत नाही. तीन महिने झाले तरी वही सुनेलाच भरावी लागत असेल, तर पुढचा सोमवार ठरवण्याआधी आठवडाभर गल्ल्यावर बसून गिऱ्हाईक काय विचारतं ते पुन्हा ऐकावं.